चार दिवसांच्या कोकण फेरीसाठी ड्रायव्हरला पाठवायचा मेल : जरा नजर टाका

पिंपळपान

आई-बाबा आणि मामा-मामी पुण्याहून गुहागर, गणपतीपुळे, रत्नागिरी करून कोल्हापूरमार्गे परत येणार आहेत. नोव्हेंबरात, सोमवारी सकाळी निघून गुरुवारी रात्री घरी. चौघंही सत्तरीच्या आसपास. मी श्टुटगार्टला, त्यामुळे गाडी ठरवायचं काम माझ्याकडे आणि भांडायचं काम त्यांच्याकडे, अशी वाटणी झाली आहे.

गाडी अर्टिगा. ज्यांची गाडी तेच चालवतात, कुठल्या कंपनीचे नाहीत. फोनवर बोलणं झालं आहे, गाडी हडपसरहून कोथरूडला घरी येईल म्हणाले, माणूस बरा वाटला. पण मागच्या वर्षी दुसऱ्या एका गाडीवाल्याशी शेवटच्या दिवशी हिशोबावरून गेटपाशी अर्धा तास वाद झाला आणि बाबांचं बीपी वाढलं. म्हणून या वेळी सगळं लेखी हवंय. त्यांच्या कार्डावर मेल आयडी आहे. खालचा मसुदा लिहिलाय. काय राहिलं?

> महोदय,
> आपल्याशी झालेल्या दूरध्वनी संभाषणास अनुसरून आपणांस कळविण्यात येते की, दि. अमुक ते अमुक या कालावधीत आपले वाहन प्रवासाकरिता निश्चित करण्यात येत आहे. दर रु. १५ प्रति किमी, दररोज किमान ३०० किमी. चालक भत्ता रु. ४०० प्रतिदिन. टोल व पार्किंग वेगळे. दररोज सकाळी वेळेवर यावे. रात्रीच्या मुक्कामाची व्यवस्था करण्यात येईल.
> कळावे.

अर्धाकप

हे वाचून ड्रायव्हरला वाटेल नगरपालिकेची नोटीस आली. 'महोदय' काढा आधी.

साखरपाटी

वा, मस्त प्लॅन! गुहागरला व्याडेश्वराचं दर्शन चुकवू नका. हेदवीचा दशभुज गणपती बघाच, आणि भरती असेल तर तिथली बामणघळ. गणपतीपुळ्यात उकडीचे मोदक आधी सांगून ठेवावे लागतात. पावसला दुपारी प्रसादाची खिचडी मिळते. रत्नागिरीत थिबा पॅलेस. आणखी काही हवं असेल तर विचारा.

पिंपळपान

साखरपाटी, धन्यवाद, पण प्लॅन ठरलाय. प्रश्न मेलचा आहे. :)

किलोमीटर

दररोज किमान ३०० हीच मुळात लूट आहे. तुमचा प्रवास किती होतो ते मोजा. पुणे-उंब्रज-पाटण-कुंभार्ली घाट-चिपळूण-गुहागर साधारण २८०. दुसऱ्या दिवशी गुहागर-हेदवी-तवसाळ, फेरीबोटीने जयगड, मग गणपतीपुळे, जेमतेम ७५. तिसऱ्या दिवशी आरे-वारेवरून रत्नागिरी आणि पावस, १०५ धरा. चौथ्या दिवशी आंबा घाट, कोल्हापूर, पुणे म्हणजे ३६५. एकूण ८२५. त्याचे १५ रुपयांनी १२,३७५ होतात. तो तुमच्याकडून १२०० किमीचे १८,००० घेणार. जेवढं फिरलो तेवढेच पैसे, यावर अडून बसा. आणि टोल कसला? आता वार्षिक फास्टॅग पास निघालाय, त्याने काढला असेल तर टोल शून्य.

घाटवाट

मी बारा वर्षं दोन गाड्या टुरिस्टला चालवल्या, आता बंद केल्या. त्यामुळे गाडीवाल्याच्या बाजूने थोडं ऐका.

पासचं आधी. तो वार्षिक पास खाजगी वापराच्या गाडीला आहे, पिवळ्या पाटीला मिळत नाही. तुमच्या गाडीवाल्याने पास दाखवला तर उलट विचारा की पाटी कुठल्या रंगाची आहे. पांढऱ्या पाटीची गाडी भाड्याने घेतली आणि घाटात काही झालं, तर विमा कंपनी हात वर करू शकते. मेलमध्ये गाडीचा नंबर लिहा, आणि 'टुरिस्ट परमिटची पिवळ्या पाटीची गाडी' हे शब्द घाला. आयत्या वेळी 'माझी गाडी कामाला गेली, भाच्याची पाठवतो' असं होतं, तेव्हा हे कामाला येतं.

आता किमान किलोमीटर. तुम्ही मंगळवारी ७५ किलोमीटरच फिरलात, पण त्या दिवशी माझी गाडी गणपतीपुळ्यात उभी आहे. तिला दुसरं भाडं मिळत नाही, हप्ता मात्र चालू असतो. किमान म्हणजे गाडीचं त्या दिवसाचं भाडं, फक्त किलोमीटरच्या भाषेत सांगितलेलं. ते शून्यावर आणायला कोणी तयार होणार नाही आणि झाला तर सोडून पळेल. पण ३०० चं २५० करा म्हटलं तर बहुतेक जण करतात, तेही आडवारी. तुम्ही सोमवार ते गुरुवार जाताय, त्यामुळे बोलून बघा.

खरा घोळ मात्र आकड्यात नाही, तुमच्या 'दररोज' या शब्दात आहे. त्यावर जेवून आल्यावर लिहितो.

वरणफळ

माझा अनुभव सांगते. आमच्या गाडीचा ड्रायव्हर दोन्ही रात्री गाडीतच झोपला. होमस्टेवाल्याने सांगितलं जागा नाही, आम्हीही थकलेलो, लक्ष दिलं नाही. मे महिना, काचा उघडल्या तर डास, बंद केल्या तर घाम. तिसऱ्या दिवशी आंबा घाट उतरताना माझ्या नवऱ्याच्या लक्षात आलं की समोर वळण आलं तरी गाडीचा वेग कमी होत नाहीये. त्याने जोरात हाक मारली. ड्रायव्हर दचकला, गाडी कडेला घेतली आणि खाली उतरून रस्त्याकडेला उकिडवा बसला. काही बोलला नाही. आम्ही तिथेच तासभर थांबलो, त्याला मागच्या सीटवर झोपवलं. 'रात्रीच्या मुक्कामाची व्यवस्था करण्यात येईल' हे वाक्य आमच्या मेलमध्येही होतं. कोण करणार, ते लिहिलं नव्हतं.

किलोमीटर

भत्ता कशाचा घेतात मग? ४०० रुपये जेवण आणि झोपायचेच असतात ना?

घाटवाट

४०० मध्ये दोन वेळचं जेवण, नाश्ता, चार चहा. त्यात खोली कुठली यायला? पण यावर गाडीवाल्यांमध्येही एकमत नाही, हे कबूल करतो. काही जण भत्त्यात सगळं आलं म्हणतात आणि खरोखर गाडीत झोपतात, पैसे घरी नेतात. त्याला आपण अडवू शकत नाही असं म्हणणारेही आहेत. मी माझ्या ड्रायव्हरांना गाडीत झोपायची बंदी केली होती, आणि एसी लावून झोपायची तर सक्त बंदी. बंद गाडीत इंजिन चालू ठेवून झोपलेली माणसं सकाळी उठत नाहीत, अशा बातम्या आपण वाचतोच.

पिंपळपान, तुम्ही तिन्ही मुक्कामांच्या मालकांना फोन करा आणि नेमकं विचारा : ड्रायव्हरला गादी, पंखा, संडास-बाथरूम आणि फोन चार्ज करायला पिन आहे का? 'सोय आहे' या उत्तरावर थांबू नका. कोकणात घरगुती ठिकाणी बहुतेक वेळा पडवीत गादी देतात, ती चांगली झोप असते. नोव्हेंबरात थंडी नसते, पण पांघरूण विचारा. आणि गाडी कुठे लागणार तेही विचारा. गल्ली अरुंद असेल तर गाडी दोनशे मीटर लांब लावावी लागते, मग ड्रायव्हर गाडी सोडून झोपायला तयार नसतो, आणि पुन्हा गाडीतच झोपतो.

आता 'दररोज'. तुमच्या मसुद्यात 'दररोज किमान' आहे. त्याचा शेवटच्या दिवशी असा हिशोब निघू शकतो : ज्या दिवशी कमी फिरलात त्या दिवशी किमान धरायचं, ज्या दिवशी जास्त फिरलात त्या दिवशी जेवढं फिरलात तेवढं. म्हणजे दोन्हीकडून तुमचंच नुकसान. त्याऐवजी 'चार दिवस मिळून' असं लिहा. तुमच्याच आकड्यांवर करून दाखवतो. गाडी हडपसरहून कोथरूडला येणार असं फोनवर म्हणाले ना? जाता-येता अठरा-अठरा किलोमीटर धरू.

सोमवार २९८, मंगळवार ७५, बुधवार १०५, गुरुवार ३८३. बेरीज ८६१. किमान २५० ठरलं आणि चार दिवस मिळून मोजलं, तर १००० किलोमीटर, १५,००० रुपये. तेच दिवसागणिक मोजलं तर २९८, २५०, २५०, ३८३, म्हणजे ११८१ किलोमीटर, १७,७१५ रुपये. गाडी तीच, रस्ता तोच. फरक २,७१५ रुपयांचा. मागच्या वर्षीचा तुमचा वाद याच जागेवर झाला असणार, पैज लावतो.

पिंपळपान

घाटवाट, पैज जिंकलात. बाबा म्हणत होते 'सरासरी' आणि तो म्हणत होता 'किमान'. दोघंही बरोबर होते, हे आज कळलं.

अर्धाकप

गॅरेजपासून गॅरेजपर्यंत किलोमीटर का द्यायचे? रिक्षा आपल्या घरापासून मीटर टाकते.

घाटवाट

बाहेरगावच्या भाड्याला रीत तशीच आहे. पटत नसेल तर आधी बोलायचं. या फेरीत मात्र त्यावर भांडण्यात अर्थ नाही. ८६१ काय आणि ८२५ काय, पैसे १००० चेच जाणार.

किलोमीटर

मग माझं गणित चुकलं असं नाही. १००० चे पैसे देणार आणि ८६१ फिरणार, म्हणजे १३९ किलोमीटर फुकट गेलेच.

घाटवाट

गेले, आणि म्हणून ते वापरावेत. बुधवारी पावसवरून परत फिरण्यापेक्षा पूर्णगडावरून पुढे आडिवरे आणि कशेळीचा कनकादित्य करता येतो. जाऊन-येऊन चाळीस-पन्नास वाढतील, एक पैसा जास्त जात नाही. पण ते मेलमध्ये 'जमल्यास' म्हणून आधीच लिहा. नाहीतर ऐनवेळी ड्रायव्हर म्हणतो, हे ठरलं नव्हतं, आणि त्याचंही चूक नसतं. त्याने त्या दुपारी झोपायचं ठरवलेलं असतं.

निळी छत्री

दोन गोष्टी कोणी बोललं नाही. अर्टिगा सीएनजी आहे का? असेल तर सिलिंडर डिकीत बसतो आणि मागची सीट उभी ठेवली की बॅगांना जागाच उरत नाही. चार माणसं आहेत, त्यामुळे मागची एक बाजू पाडून बॅगा तिथे ठेवता येतील, पण मग कोणाला तरी उरलेल्या मागच्या सीटवर किंवा मधे तिघांत बसावं लागेल. सत्तरीच्या गुडघ्यांचं आधी ठरवा. शिवाय कोकणात सीएनजीच्या पंपावर रांग लागते. ती रांग तुमच्या आई-बाबांना गाडीत बसवून लावायची नाही, आदल्या संध्याकाळी गॅस भरून ठेवायचा, असं लिहा.

दुसरं म्हणजे दिवस कसा मोजणार? तारखेप्रमाणे की चोवीस तासांप्रमाणे?

घाटवाट

छत्री, नेमकं विचारलंत. बहुतेक ठिकाणी तारखेप्रमाणे, रात्री १२ ला दिवस बदलतो. म्हणजे गुरुवारी गाडी साडेबाराला कोथरूडला पोहोचली तर पाचवा दिवस लागला : २५० किलोमीटरचे ३,७५० आणि भत्त्याचे ४००. अर्ध्या तासाचे ४,१५०. म्हणून चौथ्या दिवसाची वेळ सगळ्यात महत्त्वाची. बाकीच्या दिवशी नऊ काय आणि दहा काय. सातारा-कागल रुंदीकरणाच्या कामामुळे कोल्हापूर-पुणे किती तासांत होईल ते मी आता छातीठोक सांगत नाही. रत्नागिरीहून सातला निघा, अंबाबाईचं दर्शन आणि जेवण करून कोल्हापूर तीनला सोडा. नऊपर्यंत आलात तरी तीन तास हाताशी राहतात. मेलमध्ये असंही लिहून घ्या की गाडी बिघडल्यामुळे उशीर झाला तर पाचवा दिवस लागणार नाही.

आणि पिकअपची वेळ लिहिताना 'सहाला गाडी गेटपाशी' आणि 'साडेसहाला निघायचं' अशा दोन वेळा लिहा. 'सहा वाजता' एवढंच लिहिलं की ड्रायव्हर सहाला येतो आणि मामी सहाला आंघोळीला जातात.

पिंपळपान

मामींचं तुम्हाला कसं कळलं? :)

गाडी सीएनजीच आहे. २५० ला 'बघू ताई' म्हणाले आणि दहा मिनिटांनी हो म्हणाले. मुक्काम तिन्ही फोन करून झाले. गुहागरला पडवीत गादी-पंखा आहे. गणपतीपुळ्याला ड्रायव्हरांची एक सामाईक खोली आहे, खाटा आहेत. रत्नागिरीच्या हॉटेलात काही सोय नाही, शेजारच्या लॉजवर खोली मिळेल, ती मी आधीच भरतेय. नवा मसुदा :

> नमस्कार दादा,
>
> काल फोनवर ठरलं ते सगळं एकत्र लिहून पाठवतेय. वाचून काही वेगळं वाटलं तर लगेच सांगा, सगळं बरोबर असेल तर 'मान्य' एवढं उत्तर द्या. हाच मजकूर तुमच्या व्हॉट्सअॅपवर आणि माझ्या बाबांनाही पाठवलाय.
>
> गाडी तुमचीच, पिवळ्या पाटीची अर्टिगा, नंबर खाली दिलाय. गाडी तुम्हीच चालवणार. माणसं चार, बॅगा चार मध्यम. मागची डावी सीट पाडून बॅगा तिथे. माझे बाबा पुढे बसतील.
>
> सोमवारी सहाला कोथरूडला गेटपाशी, साडेसहाला निघायचं. उंब्रज, पाटण, कुंभार्ली घाट, चिपळूण, गुहागर. दर दोन तासांनी थांबायचं, हे चौघांनाही हवं आहे. मंगळवारी साडेनऊला निघून हेदवी, तवसाळहून फेरीने जयगड, मग गणपतीपुळे. फेरीचं तिकीट आम्ही काढू. त्या दिवशी संध्याकाळी देवळात गर्दी असेल, त्यांना देवळाजवळ उतरवून गाडी लांब लावलीत तरी चालेल. बुधवारी नऊला निघून आरे-वारे, रत्नागिरी, पावस. वेळ आणि तब्येत बरी असेल तर कशेळीपर्यंत, मुक्काम रत्नागिरी. गुरुवारी पावणेसातला गाडी हॉटेलसमोर, सातला निघायचं, आंबा घाट, कोल्हापूर. तिथून दुपारी तीनला निघायचंच. बाबा उशीर करतील, त्यांना माझं नाव सांगा.
>
> दर १५ रुपये किलोमीटर. चार दिवस मिळून किमान १००० किलोमीटर, म्हणजे १५,००० रुपये. त्यापुढे जेवढे जास्त होतील तेवढ्यांचे १५ रुपयांनी. मोजणी हडपसरपासून हडपसरपर्यंत, पहिल्या दिवशी निघताना आणि शेवटी पोहोचल्यावर मीटरचा फोटो मला पाठवा. भत्ता रोज ४००, चार दिवसांचे १,६००. एकूण १६,६००. टोलचे मेसेज दाखवा, तेवढे पैसे शेवटी देऊ. पार्किंग बाबा तिथल्या तिथे देतील. ३,००० आज पाठवलेत, बुधवारी सकाळी ६,०००, उरलेले गुरुवारी घरी पोहोचल्यावर.
>
> गाडी गुरुवारी रात्री १२ च्या आत पोहोचेल. आमच्यामुळे उशीर झाला तर पाचव्या दिवसाचे पैसे देऊ, गाडीच्या बिघाडामुळे झाला तर नाही.
>
> तुमच्या झोपण्याची सोय : गुहागरला पडवीत गादी आणि पंखा, गणपतीपुळ्याला ड्रायव्हरांच्या खोलीत खाट, रत्नागिरीला शेजारच्या लॉजवर तुमच्या नावाने खोली. पैसे आम्ही भरलेत, भत्त्यातून कापणार नाही. कुठेही सोय बरी नसेल तर गाडीत झोपू नका, मला रात्री कितीही वाजता मेसेज करा, इथे तेव्हा संध्याकाळच असते. गॅस आदल्या संध्याकाळी भरून ठेवा.

घाटवाट

छान आहे. दोन सूचना. तो मंगळवार अंगारकी नाही ना, हे कॅलेंडरात बघा. असेल तर 'गर्दी असेल' हा शब्द पुरत नाही, पुळ्याला गाडी गावाबाहेरच अडेल. आणि पाऊस लांबला तर कुंभार्ली घाट बंद असू शकतो. 'रस्ता बंद असेल तर दुसरा रस्ता तुम्ही ठरवा, बाबांना विचारून' असं एक वाक्य घाला. १३९ किलोमीटर शिल्लक आहेत, वळसा त्यात बसेल. पण मग कशेळी विसरायची.

अर्धाकप

एवढा मोठा मेल ड्रायव्हर वाचेल?

वरणफळ

झोपायचा परिच्छेद वाचेलच.

किलोमीटर

लॉजची खोली वेगळी दिलीत तर भत्ता ३०० करायला हवा होता. असो, तुमचे पैसे.

पिंपळपान

अंगारकी नाही, बघितलं. घाटाचं वाक्य घातलं. मेल काल रात्री पाठवला, सकाळी उत्तर आलं. व्हॉट्सअॅपवर, अर्थात. जसंच्या तसं देते :

> मान्य. फक्त सोमवारी ६ नको ५.१५ ला गाडी लावतो ५.४५ ला निघू. सोमवारी नवले पूल ते शिरवळ कंपनीच्या बसेस असतात. ६ च्या आधीचे नाईट चार्ज घेणार नाही. पडवी चालेल. लॉजला खोली पहिल्या मजल्यावर द्या म्हणावं रस्त्याच्या बाजूला, गाडी दिसली पाहिजे.

आईला सांगितलं. ती म्हणतेय पावणेसहाला निघायचं म्हणजे तिला साडेतीनला उठायला लागणार. आता तिला वेगळा मेल करायचा का, असं बाबा विचारतायत.

साखरपाटी

म्हणजे दुपारी एक-दीडपर्यंत गुहागर! जेवायची वेळ साधली. मोदकांचं मात्र मंगळवारी सकाळीच फोन करून सांगा हं.